पुल-अप केवढ्याचा? ३.३ आणि ५ व्होल्टच्या तारांचा हिशोब

हवेचं तापमान, आर्द्रता आणि दाब मोजणारं एक छोटं यंत्र घरी बनवायचं आहे असं धरू. पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्याचं सगळं सामान एका फेरीत मिळतं. ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर, बीएमई२८० हा सेन्सर, दोन ओळींचा एलसीडी आणि त्याच्या पाठीला चिकटवलेली पीसीएफ८५७४ चिपची पट्टी. ईएसपी३२ आणि सेन्सर ३.३ व्होल्टवर चालतात, एलसीडी आणि त्याची पट्टी ५ व्होल्टवर. म्हणून मध्ये बसवायला ‘लेव्हल शिफ्टर’ नावाची नखाएवढी पाटी. टेबलावर सगळं जोडलं की पहिल्या झटक्यात आकडे दिसतात. मग सेन्सर बाहेर गच्चीत लावायचा म्हणून पाच मीटर केबल जोडली जाते. यंत्र तासभर नीट चालतं, मध्येच एखादा अशक्य आकडा दाखवतं, पुन्हा सुधारतं आणि रात्री कधीतरी गप्प होतं.

अशा वेळी बहुतेक जण सेन्सर बदलतात किंवा प्रोग्रॅममध्ये चूक शोधतात. दोष मात्र पुष्कळदा पन्नास पैशांच्या रेझिस्टरमध्ये असतो. तो रेझिस्टर खराब झालेला नसतो, त्याचं माप चुकलेलं असतं. हे माप कसं काढायचं, आणि दोन वेगळ्या व्होल्टेजची उपकरणं एकत्र आली की त्या हिशोबात काय बदलतं, ते नीट पाहू.

ही सगळी उपकरणं एकमेकांशी दोनच तारांवर बोलतात. एका तारेवर माहिती जाते, तिला एसडीए म्हणतात. दुसरीवर ठेका जातो, ती एससीएल. या पद्धतीचं नाव आय-स्क्वेअर-सी. कारागीर आणि विद्यार्थी आय-टू-सी म्हणतात. फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये ती आणली. टीव्हीच्या आत अनेक चिपा असत आणि प्रत्येकीला स्वतंत्र तारा ओढत बसण्याऐवजी सगळ्यांनी दोन तारा वाटून घ्याव्यात, हा हेतू.

एकाच तारेवर अनेक जण बोलणार म्हटल्यावर पहिली अडचण भांडणाची. एका चिपने तार ५ व्होल्टला जोडली आणि त्याच क्षणी दुसरीने ती शून्याला जोडली तर दोघींमधून सरळ शॉर्टसर्किट होईल. यावर उपाय म्हणून या तारेवर कोणत्याही चिपला तार वर नेण्याची मुभाच ठेवलेली नाही. चिप एकच गोष्ट करू शकते: तार खाली, म्हणजे शून्याकडे ओढणं, किंवा सोडून देणं. अशा जोडणीला ओपन-ड्रेन म्हणतात. सोडून दिलेली तार आपोआप वर जावी म्हणून ती एका रेझिस्टरमार्फत पुरवठ्याच्या व्होल्टेजला बांधलेली असते. हाच तो पुल-अप रेझिस्टर.

एसटीच्या छताखालून जाणारी घंटेची दोरी आठवा. ती पुढच्याने ओढली काय, मागच्याने ओढली काय, घंटा वाजते. दोघांनी एकदम ओढली तरी कोणाचं नुकसान होत नाही. हात सोडला की स्प्रिंग दोरी जागेवर नेते. आपला रेझिस्टर म्हणजे ती स्प्रिंग. स्प्रिंग फार ताठ असली तर अशक्त माणसाला दोरी पूर्ण ओढता येत नाही. फार ढिली असली तर दोरी सावकाश परत येते आणि ‘डबल बेल’ दिली तरी एकच घंटा ऐकू जाते. रेझिस्टरचं माप याच दोन हद्दींच्या मध्ये पडायला हवं.

ताठ बाजूची हद्द करंटची आहे. चिप तार खाली ओढते तेव्हा पुरवठ्याकडून रेझिस्टरमार्फत करंट येतो आणि तो सगळा त्या चिपच्या पोटातून जमिनीकडे जातो. रेझिस्टर जितका लहान तितका हा करंट जास्त. आय-टू-सीच्या नियमांत साध्या वेगासाठी चिपवर बंधन असं आहे की तिने ३ मिलिअँपिअर करंट घेत असतानाही तार ०.४ व्होल्टच्या खाली धरली पाहिजे. त्याहून जास्त करंट आला तर काय होईल याची हमी चिप बनवणारा देत नाही. यावरून सर्वांत लहान रेझिस्टर निघतो:

```
R(min) = (Vdd - 0.4) / 0.003
```

३.३ व्होल्टसाठी हे उत्तर सुमारे ९७० ओहम येतं, ५ व्होल्टसाठी सुमारे १,५३० ओहम. त्याहून लहान रेझिस्टर लावला म्हणून चिप जळत नाही. तिची ‘खाली’ची पातळी वर सरकते. ०.४ ऐवजी ०.६, ०.८ व्होल्ट. समोरची चिप पुरवठ्याच्या तीस टक्क्यांपर्यंतचं व्होल्टेज शून्य समजते, म्हणजे ३.३ व्होल्टच्या उपकरणात ०.९९ व्होल्टपर्यंत. मधलं अंतर घटत जातं आणि जवळून गेलेल्या मोटरच्या तारेतला एखादा खळखळाट ते अंतर ओलांडून जातो.

ढिल्या बाजूची हद्द वेळेची आहे आणि गच्चीतल्या सेन्सरचं दुखणं तिथेच आहे. प्रत्येक तारेला, प्रत्येक पिनला थोडा कपॅसिटन्स असतो. दोन वाहक शेजारी ठेवले की त्यांच्यात थोडा विद्युतभार साठतोच. त्यासाठी वेगळा कपॅसिटर लावावा लागत नाही. चिपने तार सोडली की हा साठा भरल्याखेरीज व्होल्टेज वर जात नाही आणि भरणारा करंट येतो तो फक्त पुल-अपमधून. म्हणून तार खाली जाते एका झटक्यात, पण वर येते वळण घेत. सुरुवातीला भरभर, मग मंद, शेवटी रेंगाळत. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर चौकोनी खांबांऐवजी शार्क माशाच्या पाठीवरच्या परासारखे आकार दिसतात.

नियम या चढणीचा वेळ तीस टक्क्यांपासून सत्तर टक्क्यांपर्यंत मोजतो, कारण तीसच्या खाली शून्य, सत्तरच्या वर एक आणि मधला पट्टा अनिश्चित. रेझिस्टर आणि कपॅसिटन्स यांचा गुणाकार केला की या वळणाचा मूळ काळ मिळतो. तीस ते सत्तर टक्के हा प्रवास त्या काळाच्या ०.८४७३ पट असतो. म्हणून:

```
t(rise) = 0.8473 x R x C
```

सेकंदाला एक लाख ठोक्यांच्या साध्या वेगाला ही चढण जास्तीत जास्त १,००० नॅनोसेकंदांची चालते. चार लाख ठोक्यांच्या वेगाला ३०० नॅनोसेकंदच. आणि या दोन्ही वेगांना तारेचा एकूण कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरडच्या वर जाऊ नये असं बंधन आहे.

आपल्या यंत्रात टेबलावर जोडणी होती तेव्हा वीतभर तारा होत्या. दोन पिना, थोडी पाटी, थोडी तार मिळून ३.३ व्होल्टच्या बाजूला ५० पिकोफॅरड धरायला हरकत नाही. गच्चीपर्यंत नेली ती नेटवर्कची, पिळलेल्या जोड्यांची केबल. तिच्या एका जोडीचा कपॅसिटन्स दर मीटरला साधारण ५० पिकोफॅरड असतो. पाच मीटरचे २५०, आधीचे ५०, एकूण ३००.

आता रेझिस्टर किती आहे? बहुतेकांचं उत्तर असतं, ‘मी एकही लावला नाही.’ पण रेझिस्टर आहेत. बाजारात मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मॉड्युलवर बनवणाऱ्याने आधीच पुल-अप बसवलेले असतात. भिंग घेऊन पाहिलं तर तांदळाच्या कणीहूनही लहान काळ्या तुकड्यांवर आकडे दिसतात. १०३ म्हणजे दहावर तीन शून्यं, १० किलोओहम. ४७२ म्हणजे ४.७ किलोओहम. २२२ म्हणजे २.२. हे सगळे एकाच तारेवर समांतर जोडलेले असतात, म्हणजे ते एकत्र येऊन लहान होतात. मॉड्युल वाढवत गेलं की आपल्या नकळत स्प्रिंग ताठ होत जाते. आपल्या उदाहरणात सेन्सरच्या मॉड्युलवर १० किलोओहम आहेत आणि लेव्हल शिफ्टरच्या ३.३ व्होल्टच्या बाजूला आणखी १०. दोन्ही मिळून ५ किलोओहम.

टेबलावर ५ किलोओहम आणि ५० पिकोफॅरड: चढण सुमारे २१० नॅनोसेकंद. झकास. गच्चीत ५ किलोओहम आणि ३०० पिकोफॅरड: सुमारे १,२७० नॅनोसेकंद. मर्यादा हजाराची. म्हणजे आपण नियमाबाहेर आहोत, पण फार नाही. म्हणूनच यंत्र सरळ बंद न पडता लहरीपणाने चालतं. एससीएलचा ठोका अनिश्चित पट्ट्यात जितका जास्त वेळ रेंगाळतो, तितकी बाहेरच्या गडबडीला त्यात शिरायला संधी मिळते. एका ठोक्याऐवजी सेन्सरला दोन ऐकू जातात, पुढचे सगळे बिट एकाने सरकतात आणि पडद्यावर अशक्य तापमान उमटतं.

मग लहान रेझिस्टर लावला की झालं, नाही का? बहुतेक जण इथे सवयीने २.२ किलोओहम उचलतात. फक्त ३.३ व्होल्टची उपकरणं असती तर ते चाललंही असतं. पण आपल्या तारेच्या दुसऱ्या टोकाला ५ व्होल्ट आहेत, आणि त्यांचा हिशोब कळायचा तर आधी तो लेव्हल शिफ्टर आतून पाहायला हवा.

शिफ्टर मुळात कशाला, असा प्रश्न रास्त आहे. तार सरळ ३.३ व्होल्टला बांधली तर? पीसीएफ८५७४ ला ५ व्होल्टवर चालवताना ‘एक’ ओळखायला सत्तर टक्के, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. ३.३ त्याहून कमी. पुष्कळदा चालतं, कारण प्रत्यक्षातली चिप साधारण अर्ध्यावरच निर्णय घेते. पण हमी नाही, आणि उन्हात तापलेल्या डब्यात तर मुळीच नाही. उलट तार सरळ ५ व्होल्टला बांधली तर ३.३ व्होल्टच्या चिपांच्या पिनवर त्यांना मान्य नसलेलं व्होल्टेज येतं. बऱ्याच चिपांच्या पिनपासून पुरवठ्याकडे एक संरक्षक डायोड असतो, त्यातून करंट वाहू लागतो. ४.७ किलोओहममधून हा करंट पाव मिलिअँपिअरच्या आसपास असतो. एवढ्याने चिप लगेच मरत नाही, म्हणून ‘माझं तर महिनोन्‌महिने चालतंय’ असं सांगणारे भेटतात. खरा घोटाळा ३.३ व्होल्टचा पुरवठा बंद आणि ५ चा चालू असताना होतो. त्या डायोडमधून शिरलेल्या करंटवर चिप अर्धवट जागी राहते आणि पुरवठा परत आल्यावर नीट सुरूच होत नाही. ईएसपी३२, रास्पबेरी पाय, बीएमई२८० यांपैकी कशाच्याही पिना ५ व्होल्टसाठी केलेल्या नाहीत.

याला एक अतिशय देखणा उपाय आहे. फिलिप्समधल्या हर्मन शुटे यांनी तो १९९७ च्या एका तांत्रिक टिपणात मांडला. दर तारेला एक मॉसफेट आणि दोन पुल-अप, एवढंच सामान. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त शिफ्टर पाट्यांवर हीच रचना बीएसएस१३८ हा मॉसफेट घेऊन केलेली असते.

मॉसफेटला तीन पाय असतात. गेट कायमचं ३.३ व्होल्टला बांधायचं. सोर्स ३.३ व्होल्टच्या तारेला, ड्रेन ५ व्होल्टच्या तारेला. गेट सोर्सपेक्षा पुरेसं वर असेल तर मॉसफेट चालू होतो आणि दोन्ही तारा जुळतात, नाही तर तो बंद. कोणीच बोलत नसताना डावी तार आपल्या पुल-अपमुळे ३.३ वर असते. गेटही ३.३ वर. फरक शून्य, मॉसफेट बंद, आणि उजवी तार आपल्या पुल-अपमुळे खुशाल ५ वर जाते. दोन्ही बाजू आपापल्या व्होल्टेजवर, एकमेकींना न शिवता.

आता ईएसपी३२ ने डावी तार खाली ओढली. सोर्स शून्यावर आला, गेट ३.३ वरच आहे, मॉसफेट चालू झाला आणि उजवी तारही खाली आली. हे सरळ आहे. गंमत उलट दिशेची आहे. एलसीडीच्या पट्टीने उजवी तार खाली ओढली तेव्हा मॉसफेट अजून बंद आहे. पण प्रत्येक मॉसफेटच्या रचनेतच सोर्सकडून ड्रेनकडे जाणारा एक डायोड आपोआप तयार झालेला असतो. त्यातून डावी तार खाली ओढली जाते, साधारण अर्धा-पाऊण व्होल्टपर्यंत. तेवढ्याने सोर्स गेटच्या बराच खाली गेला, मॉसफेट चालू झाला आणि उरलेलं अंतरही मिटलं. इतर ठिकाणी जो डायोड अडचणीचा म्हणून टाळायचा असतो, तोच इथे निम्मं काम करतो. कोण बोलतंय हे सांगणारी वेगळी तार लागत नाही.

मॉसफेट निवडताना एक गोष्ट बघायची: तो किती व्होल्टला चालू व्हायला लागतो. बीएसएस१३८ जास्तीत जास्त १.५ व्होल्टला होतो, म्हणून ३.३ त्याला भरपूर. दुकानात हमखास मिळणारा २एन७००० मात्र ३ व्होल्टपर्यंतही थांबू शकतो. एखादा नग चालेल, शेजारचा चालणार नाही. त्याच्या नादी लागू नये.

या रचनेमुळे हिशोबात जो बदल होतो तो सहज नजरेतून सुटतो. तार वर असताना दोन बाजू वेगळ्या आहेत. पण तार खाली असताना मॉसफेट चालू आहे, म्हणजे दोन्ही बाजू एकच तार झाल्या आहेत. कोणत्याही चिपने खाली ओढलं तरी तिच्या पोटातून ३.३ व्होल्टच्या पुल-अपचा करंट तर जातोच, शिवाय ५ व्होल्टच्या पुल-अपचाही जातो. ३ मिलिअँपिअरची मर्यादा दोन्हींच्या बेरजेला लागू आहे. प्रत्येक बाजूचा हिशोब वेगळा करून दोन्ही ‘ठीक’ आल्या, तरी बेरीज ठीक असेलच असं नाही.

आपल्या यंत्रात ५ व्होल्टच्या बाजूला शिफ्टरवरचे १० किलोओहम आणि एलसीडीच्या पट्टीवरचे ४.७ किलोओहम आहेत. समांतर ३.२ किलोओहम. तार ०.४ वर असताना उरलेल्या ४.६ व्होल्टमुळे त्यातून १.४४ मिलिअँपिअर येतो. निम्मा कोटा तिथेच संपला. आता डावीकडे सवयीचे २.२ किलोओहम लावले तर आधीच्या ५ किलोओहमशी मिळून ते सुमारे १.५३ किलोओहम होतात. त्यातून येतो १.९ मिलिअँपिअर. बेरीज ३.३४. मर्यादा ओलांडली.

ही मर्यादा कोणाला बोचते तेही पाहण्यासारखं आहे. ईएसपी३२ ची पिन याहून कितीतरी जास्त करंट सहज पेलते, त्यामुळे त्याच्याकडून निघणारे संदेश उत्तम जातात. पीसीएफ८५७४ ची हमी मात्र ३ मिलिअँपिअरचीच आहे. ती स्वतः फारसं बोलत नाही, पण प्रत्येक बाइटनंतर ‘मिळालं’ असं सांगायला तिला एसडीए एकदा खाली ओढावी लागते. तेवढीच पोच कच्ची निघते. लक्षण असं दिसतं की संदेश गेला, पण पोच आली नाही.

म्हणून उलटीकडून येऊ. एलसीडीची पट्टी साध्या वेगाचीच आहे, तेव्हा पूर्ण तार एक लाख ठोक्यांवरच चालवायची. ३०० पिकोफॅरडला हजार नॅनोसेकंदांत चढण पूर्ण व्हायला रेझिस्टर ३.९ किलोओहमपेक्षा लहान हवा. आणि करंटच्या बाजूने ३.३ व्होल्टच्या वाट्याला उरतात ३ वजा १.४४, म्हणजे १.५६ मिलिअँपिअर, त्यासाठी रेझिस्टर सुमारे १.८६ किलोओहमपेक्षा मोठा हवा. खिडकी १.८६ ते ३.९ ची. आधीच्या ५ किलोओहमला समांतर ४.७ किलोओहम लावला की २.४२ होतात. चढण सुमारे ६२० नॅनोसेकंद, डावीकडचा करंट १.२, एकूण बेरीज २.६४ मिलिअँपिअर. दोन्ही हद्दींपासून ऐसपैस अंतर. एसडीएला एक आणि एससीएलला एक, असे ४.७ किलोओहमचे दोन साधे रेझिस्टर ३.३ व्होल्टला जोडायचे. गच्चीतल्या यंत्राची दुरुस्ती एवढीच आहे.

हा हिशोब किंचित कडक बाजूने केलेला आहे. तार वर चढताना पहिल्या टप्प्यात मॉसफेट अजून चालूच असतो, त्यामुळे सुमारे दोन व्होल्टपर्यंत दोन्ही बाजू एकत्र चढतात. उजव्या बाजूचा कपॅसिटन्स कमी आणि तिचा पुल-अप जोरकस, म्हणून ती डाव्या बाजूला हातभार लावते. प्रत्यक्षातली चढण आपल्या आकड्याहून थोडी बरीच निघेल. लांब केबल ५ व्होल्टच्या बाजूला असती तर मात्र हेच चित्र उलटं झालं असतं, म्हणून हा फायदा गृहीत धरून काठावरचं माप निवडू नये.

घरात ऑसिलोस्कोप असतोच असं नाही, पण तरीही बरंच कळतं. चढण मंद आहे का हे पाहायला ठोकाच मंद करून बघावा. अर्डुइनोच्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये दोन ओळी:

```
Wire.begin();
Wire.setClock(10000);
```

ठोका दहापट मंद केल्यावर यंत्र सुधारलं तर दोष चढणीकडे आहे, म्हणजे रेझिस्टर मोठा किंवा केबल लांब. काहीच फरक पडला नाही तर जोडणी, पत्ता किंवा ‘खाली’ची पातळी तपासावी. आणि सुधारलं म्हणून मंद ठोक्यावरच कायमचं सोडून देण्यातही वावगं काही नाही. दहा सेकंदांनी एकदा तापमान वाचणाऱ्या यंत्राला वेगाची घाई नसते. तरी रेंगाळणारी कड तशीच राहते आणि बाहेरच्या गडबडीला उघडी राहते, म्हणून मी रेझिस्टरच नीट करीन.

दुसरी तपासणी मल्टिमीटरची, आणि ती मला फार आवडते कारण ती सगळे लपलेले रेझिस्टर एकाच आकड्यात दाखवते. यंत्राला दोन्ही पुरवठे द्यायचे, प्रोग्रॅम तारेवर काही बोलत नाही असं करायचं आणि मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून त्याची एक टोचणी एसडीएला, दुसरी ग्राउंडला लावायची. आपण स्वतः तार खाली ओढतो आहोत, म्हणजे मॉसफेट चालू होतो आणि दोन्ही बाजूंचे पुल-अप मीटरमधून वाहतात. ओपन-ड्रेन तार असल्याने यात काही बिघडत नाही. चिपाही नेमकं हेच करत असतात. टोचणी चुकून पुरवठ्याच्या पिनला मात्र लागू देऊ नये. मूळ यंत्रात मीटर साधारण २.२ दाखवील, ४.७ किलोओहम लावल्यावर २.९, आणि २.२ लावले असते तर ३.७. आकडा आधीच्या बेरजेपेक्षा थोडा जास्त दिसतो, कारण मीटर तार जवळपास शून्यापर्यंत नेतो, ०.४ वर थांबत नाही. वाचन ३ च्या आत असेल तर करंटच्या बाजूने निर्धास्त राहावं.

केबलमध्येही एक चूक वारंवार होते. चार जोड्यांच्या केबलमधली एक जोडी उचलून तिच्या एका तारेवर एसडीए आणि दुसरीवर एससीएल देतात, कारण दोन तारा, एक जोडी, दिसायला नीटस. पिळलेल्या जोडीतल्या तारा एकमेकींच्या सर्वांत जवळ असतात, त्यामुळे एकीची उडी दुसरीत उमटते. एसडीए ग्राउंडच्या तारेसोबत एका जोडीत आणि एससीएल दुसऱ्या जोडीत ३.३ व्होल्टच्या किंवा ग्राउंडच्या तारेसोबत द्यावी.

केबल दहा मीटर करायची झाली तर? पाचशे पिकोफॅरड केबलचे, वर आपले पन्नास. ४०० ची मर्यादाच ओलांडली. रेझिस्टर १.९ किलोओहमपर्यंत खाली आणला तर चढण नऊशेच्या आत बसते खरी, पण करंटची खिडकी १.८६ लाच संपते. दोन हद्दी एकमेकींना टेकल्या. ५ व्होल्टच्या बाजूचे रेझिस्टर काढून थोडी जागा करता येते. एलसीडीच्या पट्टीवरचे ४७२ लिहिलेले दोन तुकडे सोल्डरिंग आयर्नने उचलले की तिथे शिफ्टरचे १० किलोओहम उरतात आणि करंट १.४४ वरून ०.४६ वर येतो. उजव्या बाजूला वीतभर तार असल्याने ५० पिकोफॅरडला १० किलोओहमही पुरतात. पण त्यापलीकडे ही पद्धत ताणू नये. आय-टू-सी मुळात एका डब्यातल्या चिपांसाठी आहे. लांबच्या अंतराला बफर चिप लावावी, नाहीतर सेन्सरजवळच छोटा मायक्रोकंट्रोलर ठेवून आरएस-४८५ ने माहिती आणावी.

शिफ्टरच्या त्याच पाटीवरून वेगवान, एकाच दिशेची तारही नेण्याचा मोह होतो. एसपीआयचा ठोका, रंगीत एलईडी पट्टीचा डेटा. तिथे वर नेण्याचं काम पुन्हा त्या १० किलोओहमवरच पडतं आणि सेकंदाला काही लाख ठोक्यांच्या पुढे तो पुरा पडत नाही. अशा तारेला ७४एएचसीटी१२५ सारखा बफर ५ व्होल्टवर चालवून द्यावा. तो २ व्होल्टपासूनच ‘एक’ ओळखतो, त्यामुळे ३.३ त्याला नीट कळतात, आणि वर-खाली दोन्हीकडे तो स्वतः ओढतो. शुटे यांची रचना जिथे कोणीही केव्हाही तार खाली ओढू शकतं, त्या तारांसाठी आहे.